अंश, मिनिटे, सेकंद : विहीर जागेवर राहावी म्हणून



ग्रामीण रोजगार हमी योजनेतील विहीर वा बंधारा आता नुसत्या गट क्रमांकावर ओळखला जात नाही. त्याचे अक्षांश-रेखांशही नोंदवले जातात. हे आकडे दोन पद्धतींनी लिहिले जातात : अंश-मिनिटे-सेकंद आणि दशांश अंश. एका पद्धतीतून दुसरीत नेताना चूक झाली, तर नकाशावरील विहीर दुसऱ्याच शेतकऱ्याच्या रानात उभी राहते.

बीड जिल्ह्यातील तेलगावचे उदाहरण घेऊ. हे गाव सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे रेखांशाचा एक सेकंद म्हणजे साधारण २९ मीटर आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे साधारण ३१ मीटर अंतर. समजा, तेथील एका विहिरीचा रेखांश ७६ अंश ७ मिनिटे ३० सेकंद आहे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून दोन्ही भागाकार अंशांत मिळवावेत :

७६ + (७ ÷ ६०) + (३० ÷ ३६००) = ७६.१२५

घाईने कोणी आकडे नुसते जोडून ७६.०७३० लिहिले, तर विहीर साडेपाच किलोमीटर पश्चिमेला जाते. ही चूक मोठी असल्याने नकाशा पाहताच उमगते. खरी फसवी चूक लहान असते. काही यंत्रे हाच रेखांश ७६ अंश ७.५ मिनिटे असा दाखवतात. ७.५ मिनिटे म्हणजे ७ मिनिटे ३० सेकंद. ते ७ मिनिटे ५० सेकंद समजले, तर २० सेकंदांचा, म्हणजे सुमारे ५८५ मीटरांचा फरक पडतो. विहीर बहुधा त्याच शिवारात राहते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

दशांश स्थळे कापल्यानेही असेच घडते. ७६.१२५ ऐवजी ७६.१३ लिहिले, की जागा सव्वापाचशे मीटर पूर्वेला सरकते. पाच दशांश स्थळे राखावीत. मग फरक मीटरभरापलीकडे जात नाही.

पडताळा सोपा आहे. उत्तर उलट फिरवावे : ०.१२५ ला ६० ने गुणता ७.५ येतात, म्हणजे ७ मिनिटे, उरलेल्या ०.५ ला पुन्हा ६० ने गुणता ३० सेकंद. मूळ नोंद परत मिळाली, तर गणित बरोबर. लांबलचक यादीत दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक कोठेही ५९ च्या पुढे जात नसतील, तर ती मिनिटेच तशी उतरवलेली असण्याचा दाट संभव आहे.

गणित जुळूनही जागा शंभर मीटरांहून अधिक हललेली दिसली, तर आकडे जुन्या स्थलदर्शक नकाशावरून घेतले आहेत काय, हे पाहावे. ते नकाशे एव्हरेस्ट संदर्भपद्धतीवर आधारलेले आहेत आणि उपग्रहाधारित यंत्रांची पद्धत निराळी आहे. हा फरक भागाकाराने मिटत नाही. अशा वेळी विहिरीच्या काठावर उभे राहून नवे वाचन घ्यावे आणि ते कोणत्या पद्धतीत लिहिले आहे, हे त्याच्या शेजारीच नमूद करावे.