जांघेतली कळ आणि स्टेरॉइडच्या गोळ्या

आमच्या गटातली एक ताई संधिवातासाठी दोन वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होती. मग तिच्या जांघेत खोलवर दुखू लागलं. मांडी घालून बसली की कळ यायची. आम्हाला वाटलं, जुनाच संधिवात. एक्स-रेही चांगला आला, त्यामुळे आम्ही तीन महिने गप्प राहिलो.

ताई लंगडायला लागली तेव्हा तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय आत वळवून पाहिला, तशी ती कळवळली. एमआरआय केल्यावर कळलं, खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नव्हतं आणि आतलं हाड मरत होतं. सुरुवातीला हे एक्स-रेत दिसत नाही. दुसऱ्या खुब्यालाही हे होऊ शकतं, म्हणून तोही तपासला.

गोळा खचलेला नव्हता, म्हणून हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करता आला. त्याने प्रत्येकीचा खुबा वाचतोच असं नाही. गोळा खचला की बहुधा खुबाच बदलावा लागतो.

घाबरून ताईने गोळ्या बंद करायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी अडवलं. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं. डोस त्यांनीच हळूहळू कमी केला.

तुम्ही स्टेरॉइड घेत असाल किंवा पूर्वी घेतलं असेल आणि जांघ दुखत असेल, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. गोळ्यांचं पाकीटही सोबत न्या.