तिकीट मुंबईचं, पण कुठल्या मुंबईचं?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या गटांमधल्या बाया आता दिल्लीच्या प्रदर्शनाला जातात, प्रशिक्षणाला जातात, लेकी-सुनांकडे बंगळुरूलाही जातात. येताना कधी विमानाचं तिकीट काढलं जातं. त्यात आता एक नवी गोष्ट आली आहे. मुंबईला विमानतळ दोन झालेत. त्यातला कुठला घ्यायचा, हे आपण आज बघू.

आधी एक सांगतो. आपल्याला सगळ्यांत जवळचा विमानतळ पुण्याचा, लोहगावचा. पहिल्यांदा तिथलं भाडं आणि वेळ बघायची. तिथलं विमान सोयीचं नसेल किंवा फार महाग पडत असेल, तरच मुंबईकडे वळायचं.

मुंबईचा जुना विमानतळ अंधेरी-सांताक्रूझच्या बाजूला, शहराच्या ऐन मध्यात. नवा विमानतळ पनवेलजवळ, उलव्याच्या बाजूला. त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवाशांची विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. मोबाईलवर नुसतं ‘मुंबई’ असं शोधलं तर दोन्हीकडची विमानं एकाच यादीत दिसू शकतात. ओळखायचं कसं? जुन्याचं अक्षर BOM आणि नव्याचं NMI. तिकीट काढून देणारा भाचा असो की दुकानदार, पैसे देण्याआधी ही तीन अक्षरं स्वतः बघायची. न्यायला येणाऱ्या माणसालाही तीच सांगायची. एक माणूस अंधेरीला आणि आपण पनवेलला उतरलो, तर मधलं अंतर तीस-चाळीस किलोमीटरचं आहे आणि गर्दीच्या वेळी त्याला दोन तासही लागतात.

आता भाड्याचं. तिकिटात विमानतळाचं विकास शुल्क धरलेलं असतं आणि ते दोन्हीकडे सारखं नाही. नव्या विमानतळासाठी सुरुवातीला देशातल्या प्रवासाला निघताना ६२० आणि उतरताना २७० रुपये ठरले, जुन्यापेक्षा जास्त. म्हणून यादीत वर दिसणाऱ्या आकड्यावर जायचं नाही, शेवटी भरायची रक्कम काय येते ते बघायचं. आणि तीही पुरी नाही. खरा हिशेब आपल्या उंबऱ्यापर्यंतचा असतो.

तो एकदा मांडून बघू. आकडे हिशेबापुरते धरलेत, तुम्ही त्या दिवशीचे घाला. शिरूरच्या तिघीजणी दिल्लीहून परत येताहेत. जुन्या विमानतळाचं तिकीट ४,८०० रुपये, पण विमान रात्री ११.५० ला उतरतं. नव्याचं ५,५०० रुपये, उतरायची वेळ सकाळी ११.३०. तिघींचे मिळून जुन्याकडे १४,४०० आणि नव्याकडे १६,५००. बघणारीला वाटेल, २,१०० रुपये वाचले.

पण पुढे बघा. रात्री उतरून सामान घेऊन बाहेर यायला पाऊण-एक वाजतो. जुन्या विमानतळाला भुयारी मेट्रो आहे, पण ती रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते आणि सकाळी सहाच्या आसपास सुरू होते. मग पुण्यापर्यंत गाडी करायची. ती ४,००० धरली तर खर्च १८,४०० वर गेला, आणि पहाटे पुण्यात उतरून शिरूरच्या एसटीची वाट बघायची ते वेगळंच.

नव्या विमानतळावरून दुपारी पनवेलच्या एसटी स्टँडवर जायला गाडीचे ५०० धरा. तिथून पुण्याची एसटी. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, ते इथे कामाला येतं. माणशी २०० धरले तर ६००. एकूण १७,६००. म्हणजे महाग दिसणारं तिकीट पुण्यापर्यंत ८०० रुपयांनी स्वस्त पडलं. शिवाय चारच्या सुमारास पुणं, वाकडेवाडीहून शिरूरची गाडी, आणि दिवेलागणीला घर.

कुणी म्हणेल, रात्री गाडी कशाला करायची, विमानतळावरच उजाडेपर्यंत बसू. तेही होतं. सकाळी मेट्रोने दादर आणि तिथून पुण्याची बस, माणशी ३०० धरले तर एकूण १५,३००. हे सगळ्यांत स्वस्त. नव्या विमानतळापेक्षा २,३०० रुपये कमी, म्हणजे माणशी साडेसातशेच्या वर वाचतात, त्या बदल्यात एक रात्र खुर्चीवर. तिघी धडधाकट असतील तर परवडेल. सोबत म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असेल तर नाही. हे तिघींनी बसून ठरवायचं, तिकीट काढणाऱ्याने नाही.

आता दौंडच्या मैत्रिणी म्हणतील, आमचं काय? दौंडचं गणित वेगळं आहे, कारण दौंडला रेल्वे आहे. जुन्या विमानतळावर दिवसा उतरलं तर भुयारी मेट्रो थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. तिथून सोलापूरकडे जाणारी, दौंडला थांबणारी गाडी धरली की मध्ये पुण्यात उतरायचंही कारण नाही. त्यासाठी विमान उतरणं आणि गाडी सुटणं यांत निदान चार तास ठेवा, कारण विमानाला उशीर झाला तरी रेल्वे थांबत नाही. थोडक्यात, रस्त्याने जाणाऱ्या शिरूरला पनवेलचा विमानतळ वाटेवर पडतो, मुंबईची गर्दी टळते. रेल्वेने जाणाऱ्या दौंडला जुना सोयीचा, पण दिवसाच.

रात्रीच उतरायची वेळ आली तर काय करायचं? पहिलं म्हणजे तारीख नीट वाचा. तिकिटावर १५ तारीख आणि ००.४० अशी वेळ असेल, तर ती १४ तारखेची रात्र. न्यायला येणारा पंधराच्या रात्री आला, तर आपण एक दिवस आधीच उतरून उभ्या.

दुसरं, उजाडेपर्यंत थांबायचं असेल तर सामान घेतल्यावर लगेच दाराबाहेर पडू नका. एकदा बाहेर पडलं की आत परत येता येत नाही. आतच, जिथे पोलीस आणि विमानतळाचे कर्मचारी दिसतात तिथे बसा. स्वच्छतागृह, पाणी, मोबाईल चार्ज करायची सोय आतच असते.

तिसरं, गाडी करायचीच असेल तर प्रीपेड टॅक्सीच्या काउंटरवर पावती घेऊन करा. दाराशी येऊन ‘ताई, पुणे? स्वस्तात नेतो’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. मोबाईलवरून बोलावलेल्या गाडीचा नंबर पाटीवर जुळवा, जुळल्याशिवाय ओटीपी सांगू नका. बसण्याआधी पाटीचा फोटो घरी पाठवा. चालकाने रस्ता बदलला किंवा वाटेत दुसरा माणूस घ्यायचा म्हटला, तर ११२ वर फोन करा. हा नंबर पोलिसांचा आहे, रात्रीही चालतो.

म्हणून पुढच्या वेळी तिकीट काढताना वहीत चार रकाने आखा: भरायची पूर्ण रक्कम, उतरायची वेळ, घरापर्यंतचा खर्च, आणि घरी पोचायची वेळ. शेवटचा रकाना मध्यरात्रीचा निघाला, तर पहिल्या रकान्यातला आकडा कितीही लहान असो, आणखी एकदा विचार करा.