चौदाच मांडण्या

२०१५ साली १ जानेवारी गुरुवारी आली होती. २०२६ साली ती पुन्हा गुरुवारी आली. दोन्ही वर्षे ३६५ दिवसांची, म्हणून १ जानेवारी जुळली की पुढची प्रत्येक तारीख आपोआप जुळते. २६ जानेवारी दोन्ही वर्षी सोमवारी, १ मे शुक्रवारी, १५ ऑगस्ट शनिवारी. माळ्यावर कुणी २०१५चे कॅलेंडर जपून ठेवले असेल, तर तारीख आणि वार पाहण्यापुरते त्याने ते २०२६मध्ये खुशाल खिळ्याला अडकवावे. ही जुळणी कशी घडते आणि पुढची कधी येणार, हे बोटांवर मोजता येते.

वर्षाची मांडणी ठरायला दोनच गोष्टी लागतात. १ जानेवारीला वार कोणता, आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा की २९ दिवसांचा. बाकीचे अकरा महिने कधीही लहानमोठे होत नाहीत. पहिल्या प्रश्नाची उत्तरे सात, दुसऱ्याची दोन. सात दुणे चौदा. आजच्या पद्धतीने चालणारे कोणतेही वर्ष घ्या, गेलेले किंवा येणारे, ते या चौदांपैकी एका मांडणीत बसतेच.

आता वर्षे या चौदांमधून कोणत्या क्रमाने फिरतात ते पाहू. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. त्यामुळे साध्या वर्षानंतरचे वर्ष एक वार पुढे सुरू होते. लीप वर्षात दोन दिवस उरतात, म्हणून त्याच्यानंतरचे वर्ष दोन वार पुढे जाते, मधला एक वार ओलांडून. सगळी गंमत या ओलांडण्यात आहे. लीप वर्ष नसते तर दर सात वर्षांनी तेच कॅलेंडर परत आले असते.

२०१५ पासून चालत येऊ. २०१५ गुरुवारी सुरू झाले, २०१६ शुक्रवारी. २०१६ लीप, म्हणून २०१७ शनिवार ओलांडून रविवारी. मग २०१८ सोमवारी, २०१९ मंगळवारी, २०२० बुधवारी. पुढचा वार गुरुवार, पण २०२० लीप वर्ष होते. २०२१ने गुरुवार ओलांडला आणि ते शुक्रवारी सुरू झाले. हाताशी आलेली जुळणी अशी हुकली आणि पुन्हा फेरी सुरू झाली. २०२२ शनिवारी, २०२३ रविवारी, २०२४ सोमवारी. २०२४ लीप असल्याने २०२५ बुधवारी, आणि २०२६ गुरुवारी. अकरा वर्षे गेली, त्यांत तीन लीप वर्षे आली. अकरा आणि तीन मिळून चौदा वार, म्हणजे बरोबर दोन आठवडे.

२०२६ नंतरची जुळणी कधी? येथे घाई केली की फसगत होते. २०२७ शुक्रवारी सुरू होईल, २०२८ शनिवारी, २०२९ सोमवारी, २०३० मंगळवारी, २०३१ बुधवारी आणि २०३२ गुरुवारी. सहा वर्षांनी गुरुवार आला म्हणून २०२६चे कॅलेंडर २०३२साठी बाजूला ठेवले, तर जानेवारी आणि फेब्रुवारी बिनचूक चालतील. मग २९ फेब्रुवारी येईल आणि १ मार्चपासून वर्षअखेरपर्यंत प्रत्येक वार एकाने चुकेल. २०३२ लीप आहे. म्हणून फक्त १ जानेवारीचा वार पाहणे पुरेसे नाही, वर्षाची जात पाहावी लागते. खरी जुळणी २०३७ साली होते, म्हणजे पुन्हा अकरा वर्षांनी.

२०१५ आणि २०२६ दोघांनाही अकरा वर्षे थांबावे लागते, पण कारणे वेगळी आहेत. पहिल्याचा वार ओलांडला गेला. दुसऱ्याला वार मिळाला, पण लीप वर्षात. २०२५चे नशीब अधिक चांगले. ते बुधवारी सुरू झाले, आणि २०३१ही बुधवारी सुरू होणारे साधे वर्ष आहे. सहाच वर्षे.

यातून नियम सहज निघतो. वर्षाला चारने भागावे. बाकी एक उरली तर पुढची जुळणी सहा वर्षांनी. बाकी दोन किंवा तीन उरली तर अकरा वर्षांनी. बाकी उरलीच नाही, म्हणजे वर्ष लीप असेल, तर २८ वर्षांनी. लीप वर्षाला इतका वेळ का लागतो? त्याची जुळणी दुसऱ्या लीप वर्षाशीच व्हायला हवी, आणि एका लीप वर्षापासून पुढच्या लीप वर्षापर्यंत वार पाच घरे पुढे जातो. पाच-पाचच्या उड्या मारत सात वारांच्या चक्रात मूळ जागी यायला सात उड्या लागतात. चार वर्षांची एक उडी, म्हणून २८ वर्षे. १९९६चे कॅलेंडर २०२४ साली जुळले, आता ते २०५२ सालीच जुळेल. मात्र जुने लीप कॅलेंडर त्याआधी अगदीच निरुपयोगी ठरत नाही. त्याची पहिली दोन पाने एका साध्या वर्षाला चालतात आणि उरलेली दहा दुसऱ्याला. २०२४चे जानेवारी-फेब्रुवारी २०१८शी जुळतात, तर मार्च ते डिसेंबर २०१९शी.

२०२५ साली समाजमाध्यमांवर एक संदेश फिरत होता. २०२५चे कॅलेंडर हुबेहूब १९४१चे आहे, तेव्हा महायुद्धाचे वर्ष होते, आता काय होणार? जुळणी खरी होती, भीती निराधार होती. १९४१ला चारने भागले तर बाकी एक उरते, म्हणून पुढची जुळणी १९४७. तेथून नियमाने पुढे गेले की १९५८, १९६९, १९७५, १९८६, १९९७, २००३, २०१४ आणि मग २०२५. १९४१ आणि २०२५ यांच्या मध्ये हेच कॅलेंडर आठ वेळा भिंतीवर लागून गेले. त्यांतले पहिले तर देशाच्या स्वातंत्र्याचे वर्ष होते. १५ ऑगस्ट १९४७ला शुक्रवार होता आणि १५ ऑगस्ट २०२५लाही. मांडणी चौदांपैकीच एक असायची, त्यामुळे कोणत्याही वर्षाच्या मागे एखादे गाजलेले वर्ष सापडणारच.

हा नियम १९०१ ते २०९९ या काळात कुठेही अडत नाही. अडतो तो २१००पाशी. शतकाचे वर्ष ४००ने भागले जात असेल तरच लीप मानतात. २००० लीप होते, म्हणून सध्या हयात असलेल्या कुणालाही हा खंड प्रत्यक्ष अनुभवता आलेला नाही. २१०० साधे वर्ष असेल आणि त्याच्या आजूबाजूला सगळी अंतरे बदलतील. २०९४ला चारने भागले तर बाकी दोन उरते, तरी त्याची जुळणी सहाच वर्षांनी, खुद्द २१००शी होईल. २०९७ला सहाऐवजी बारा वर्षे थांबावे लागेल. लीप वर्षांत तर २०९६ची जुळणी बारा वर्षांनी २१०८ साली येते आणि २०७२ची चाळीस वर्षांनी २११२ साली. म्हणून दोन वर्षांच्या मध्ये शतकाचे साधे वर्ष येत असेल, तर भागाकाराचा नियम सोडून एकेक वर्ष वार मोजत जावे. त्यात चूक होत नाही.

मराठी घरातले कॅलेंडर मात्र नुसत्या तारखांचे नसते. त्यात तिथी असतात, संकष्टी असते, चंद्रोदयाची वेळ असते, आणि यांतले काहीही या चौदा मांडण्यांना बांधलेले नाही. तरीही अकरा वर्षांच्या जुळणीत एक सुंदर योग आहे. अकरा सौर वर्षांत १३६ चांद्रमास जवळजवळ पूर्ण बसतात, जेमतेम दोन दिवस उरतात. म्हणून सण त्याच वारी येत नाहीत, पण फार लांबही जात नाहीत. २०१५ साली गुढीपाडवा २१ मार्चला होता, २०२६ साली १९ मार्चला. आषाढी एकादशी तेव्हा २७ जुलैला, आता २५ जुलैला. गणेशचतुर्थी १७ सप्टेंबरवरून १४ सप्टेंबरवर आली. दोन्ही वर्षी अधिक मास आहे, फक्त तेव्हा तो आषाढात होता आणि आता ज्येष्ठात. सण तारखांच्या आणखी जवळ यायचे असतील तर १९ वर्षे मोजावी लागतात, पण मग वार बिघडतो. १९ वर्षांत चार किंवा पाच लीप वर्षे येतात, म्हणजे वार २३ किंवा २४ने सरकतो, आणि या दोन्ही संख्यांना सातने भाग जात नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा हिशेब वेगळ्याच कामी येतो. आजच्या कॅलेंडरचे पूर्ण चक्र ४०० वर्षांचे आहे. त्यात १,४६,०९७ दिवस असतात आणि ते बरोबर २०,८७१ आठवडे भरतात. त्यामुळे १६३०चे वार काढायला २०३० पाहिले की झाले. शिवछत्रपतींचा जन्म जेधे शकावलीनुसार शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, आणि वार शुक्रवार. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. २०३० सालच्या १९ फेब्रुवारीला मात्र मंगळवार येतो. शकावली चुकली का?

शकावली बिनचूक आहे. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. सतराव्या शतकात दोन पद्धतींत दहा दिवसांचे अंतर होते. आजच्या पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो, आणि २०३०ची १ मार्च शुक्रवारी आहे. कागदात वार लिहिलेला असला की तारीख कोणत्या पद्धतीची आहे हे असे उकलते. दहा दिवसांच्या फरकाने वार तीन घरे सरकतो, त्यामुळे गोंधळ लपून राहू शकत नाही.

ज्युलियन पद्धतीतही मांडण्या चौदाच होत्या, फक्त शतकाचा अपवाद नव्हता. त्या पद्धतीचे १६३० हे शुक्रवारी सुरू झालेले साधे वर्ष होते, आणि आजच्या पद्धतीत २०२७चीही तीच मांडणी आहे. त्या वर्षी १९ फेब्रुवारीची शिवजयंती शुक्रवारीच येईल. २०२७ला चारने भागल्यावर बाकी तीन उरते, त्यामुळे त्यानंतर ही मांडणी २०३८ साली भिंतीवर लागेल.