पिंपातलं पाणी

(दिंडीच्या प्रस्थानापूर्वीच्या बैठकीत दिलेले भाषण)



मी दिंडीतला औषधाच्या पेटीचा माणूस. कीर्तनकार नव्हे, तेव्हा सरळ जुलाबावरच बोलतो.

काही वर्षांपूर्वी नीरा ओलांडल्यानंतरच्या एका मुक्कामी आपल्यातल्या अकरा जणांना एका रात्रीत जुलाब लागले. सगळे टँकरवाल्याला बोल लावू लागले. पहाटे आरोग्यसेवक आले. नळीत टँकरचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, तर पाणी पिवळं झालं. म्हणजे त्यात क्लोरीन होतं. मग आपल्या तंबूतल्या पिंपाचं पाणी घेतलं, ते तसंच पांढरं राहिलं. टँकर तोच, पाणी तेच! पण दिवसभर शे-दीडशे हात तांब्यासकट पिंपात बुडाले होते. हाताची घाण मारता मारता क्लोरीन संपलं आणि पुढची घाण तशीच राहिली. आजारी पडलेले अकराही जण पिंपाचंच पाणी प्यायले होते. थेट टँकरच्या तोटीवर बाटल्या भरणारी पोरं ठणठणीत होती.

तेव्हापासून पिंपाला तोटी आणि झाकण आहे. तोटी बिघडली तर लांब दांड्याचं ओगराळंच वापरायचं, तांब्या आत जाता कामा नये. पिंप रोज रिकामं करून घासायचं, उरलेल्या पाण्यावर नवं ओतायचं नाही.

टँकर भरताना हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे दहा हजारांच्या टँकरला पन्नास ग्रॅम. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी टँकरमध्ये ओतावी. मग अर्धा तास थांबावं. तहानलेल्यांना हे जड जातं, पण त्याआधी प्यायलात तर पावडर वाया गेली समजा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. डबा उघडा राहिलेली, वास गेलेली पावडरही कामाची नाही.

वाटेवरच्या खाण्याचं म्हणाल तर कढईतून समोर काढलेली भजी खुशाल खा. पण सोबतची पातळ चटणी कुठल्या पाण्यात वाटली ते कोणाला ठाऊक? चिरून ठेवलेली काकडी नको, अख्खी घेऊन आपण धुऊन चिरावी. उसाच्या रसातला बर्फ टाळाच. बाहेरून आल्यावर हात साबणानंच धुवा, माती-राखेनं नाही. वाढप्यांनी तर हमखास.

एवढं करूनही जुलाब लागलेच, तर लाजू नका, पेटीकडे या. जलसंजीवनीचं पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात घालायचं आणि घोट घोट घ्यायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून भागवू नका. शौचात रक्त दिसलं, लघवी बंद झाली किंवा म्हातारं माणूस गुंगीत गेलं, तर त्याला चालवू नका. मला हाक मारा, रुग्णवाहिका बोलावू.