दह्याला सोडा, दुधाला पावडर

राहात्याहून बोलतोय. राहाता म्हटलं की लोकांना पेरू आठवतात, पण आज विषय केकचा आहे. आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी कुकरमध्ये बिनअंड्याचा केक केला. रेसिपीत दही होतं, घरातलं दही संपलेलं, म्हणून तेवढंच दूध घातलं. बाकी सगळं चमच्याने मोजून. केक निघाला बसका, पिवळट, आणि जिभेवर साबणासारखी चव. त्या म्हणाल्या, "सोडा तर बरोब्बर घातला होता की!"

घातला होता, अगदी बरोबर. पण त्याचा जोडीदार घातला नव्हता.

खायचा सोडा, म्हणजेच बेकिंग सोडा, हा एकच पदार्थ आहे. त्याला काहीतरी आंबट भेटलं की त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि तेच पीठ फुगवतात. आंबट म्हणजे दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. दुधात तेवढा आंबटपणा नसतो. मग सोड्याला फक्त कुकरच्या उष्णतेवर भागवावं लागतं. त्यातूनही गॅस निघतो, पण जवळपास निम्माच. वर मागे काय उरतं माहितीये? सोडियम कार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणतो ना आपण, तोच. साबणाची चव आली ती त्याचीच.

हा उरलेला सोडा ओळखायला घरातच एक युक्ती आहे, हळद. सोड्याच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकून बघा, लालसर होते. खमण ढोकळ्यावर कधी कधी लाल ठिपके दिसतात ना? तिथे सोडा नीट मिसळलेला नसतो आणि हळदीने त्याची चहाडी केलेली असते. हळदीचं कुंकू करण्यामागेही हाच गुण आहे. केकचा तुकडा हळदीच्या पाण्यात ओला केला आणि तो लालसर झाला, तर सोडा जास्त झाला किंवा आंबट कमी पडलं असं समजा.

आता बेकिंग पावडर. हा वेगळा पदार्थ नाही, सोड्याचंच कुटुंब आहे. डब्यात सोडा असतो, सोबत कोरडं आम्ल असतं आणि दोघांना कोरडं ठेवायला कॉर्नफ्लॉवर. म्हणजे जोडीदार आधीच आत बसलाय, फक्त ओलावा मिळायची वाट बघतोय. बहुतेक पावडरी दोनदा काम करतात. थोडा गॅस पीठ भिजवताना निघतो, बराचसा भांडं तापल्यावर. म्हणून दुधाच्या केकला पावडर चालते, आंबट शोधत बसावं लागत नाही.

मग दह्याच्या केकमध्ये दोन्ही का घालतात? ताईंचीच रेसिपी घ्या. दीड कप मैदा, एक कप दही, अर्धा छोटा चमचा सोडा आणि सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर. एक कप दह्यातला आंबटपणा साधारण अर्धा चमचा सोडा संपवतो. हिशोब तिथेच मिटला, त्यापुढे सोडा वाढवला तर तो नुसता उरणार. पण सोडा आणि दही भेटल्या क्षणी कामाला लागतात, आणि आपण भांड्याला तूप लावत बसलो की बराच गॅस उडून जातो. पावडर मागाहून, उष्णतेत, कमी पडलेलं भरून काढते. (इनोचंही असंच. त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतं, पाणी लागलं की लगेच फसफसतं. म्हणून ढोकळ्याचं पीठ इनो घातल्यावर ताटकळत ठेवत नाहीत.)

म्हणजे दही नसेल, दूधच वापरायचं असेल, तर सोडा वगळायचा आणि पावडर दोन छोटे चमचे करायची. केक थोडा फिकट दिसेल, कारण सोड्यामुळे रंग लवकर धरतो. दह्यामुळे येणारी ती मऊ, किंचित आंबूस चवही मिळणार नाही. पण फुगेल, आणि साबण लागणार नाही.

उलटी अदलाबदल जास्त महागात पडते. पावडर संपली म्हणून तेवढेच चमचे सोडा घालू नका. सोडा तिच्यापेक्षा तीन-चार पट जोरकस असतो.

आणि डबा जुना असेल तर आधी तपासा. अर्धी वाटी गरम पाण्यात एक चमचा पावडर टाका, जोरात फेस यायला हवा. सोडा मात्र गरम पाण्यात तपासू नका, त्यावर लिंबू पिळा. पावसाळ्यात पावडर आधी मरते, कारण हवेतली ओल आत शिरली की ती जोडी डब्यातच एकमेकांना संपवते. झाकण घट्ट लावा आणि ओला चमचा आत घालू नका.