अखेरच्या रात्री परिचारिकेचे शब्द



जठराच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका वृद्ध गृहस्थांचे उदाहरण घेऊ. रोगाला आळा घालणारे उपचार थांबवून त्यांना घरी आणले आहे. सकाळपासून ते हाकेला ओ देत नाहीत. रात्री घशातून घरघर सुरू होते आणि मुलगा व्याकूळ होऊन विचारतो, ‘‘सिस्टर, बाबा गुदमरताहेत का?’’

‘घाबरू नका’ एवढ्याने त्याचे समाधान होणार नाही. जाणती परिचारिका कारण सांगते, ‘‘दादा, बाबांना आता गिळता किंवा खोकता येत नाही. घशात साचलेल्या लाळेतून श्वास जातो, त्याचा हा आवाज. त्यांच्या कपाळावर आठ्या नाहीत, हात शांत आहेत. आपण त्यांना कुशीवर वळवू.’’ कुशीवर वळविल्याने लाळ ओघळते आणि पुष्कळदा आवाज कमी होतो. मात्र रुग्ण कण्हत असेल, चेहरा आक्रसत असेल, तर केवळ धीर देणे चुकीचे. तेथे डॉक्टरांना कळवून वेदनाशामक औषध द्यावयास हवे.

पत्नी गंगाजलाचा चमचा घेऊन पुढे येते. हा क्षण फार नाजूक. ‘नको’ म्हटले तर तिचे अखेरचे कर्तव्य हिरावल्यासारखे होते. चमचाभर पाणी ओतू दिले तर ते श्वासनलिकेत उतरण्याचे भय. म्हणून परिचारिका म्हणते, ‘‘काकू, कापसाचा बोळा गंगाजलात भिजवून पिळा आणि त्यांच्या ओठांवरून फिरवा. तुळशीचे पान ओठांवर ठेवा.’’ मुलाला वाटते, आपण वडिलांना उपाशी ठेवीत आहोत. निदान सलाईन तरी लावावे. ‘‘आजार अखेरीस आला म्हणून भूक थांबली आहे,’’ ती सांगते, ‘‘सलाईनचे पाणी शरीर आता पेलणार नाही. सूज आणि घशातला स्राव वाढू शकेल.’’

‘किती वेळ आहे?’ या प्रश्नाला तासांचा हिशेब देऊ नये. पाय गार पडले आहेत, गुडघ्यांवर निळसर डाग आले आहेत, श्वासात खंड पडतो आहे, ही लक्षणे दाखवून ‘‘दूरच्यांना आताच बोलवा’’ असे स्पष्ट सांगावे. नातू परगावी असेल तर फोन आजोबांच्या कानाशी धरावा. कॅनडातील एका अभ्यासात (२०२०) प्रतिसाद न देणाऱ्या काही मरणासन्न रुग्णांच्या मेंदूने ध्वनीची नोंद घेतल्याचे आढळले. त्यांना अर्थ कळतो की नाही, हे त्यातून सिद्ध झालेले नाही. तरीही घराच्या वाटणीची कुजबुज त्या खोलीत नको, हे ओघानेच आले.

पहाटे श्वासांतील अंतर वाढत जाते. एका खंडानंतर सारे संपले असे वाटते, सून हुंदका देते आणि पुन्हा एक श्वास येतो. असे होऊ शकते, हे आधीच सांगितलेले बरे. मग पुढचा श्वास येत नाही. परिचारिका काही मिनिटे निरखून पाहते आणि संदिग्ध शब्द टाळून हलकेच म्हणते, ‘‘काकू, बाबा गेले. डॉक्टर येऊन तपासतील. काही घाई नाही, हात धरून बसा.’’