पाहुण्यांची गाडी
(व्याख्यानमालेच्या तयारीच्या बैठकीत वाहतूक समितीने केलेले निवेदन, थोडे नीटनेटके करून)



व्याख्यानाबद्दल आपण सगळे बोलतो, जेवणाबद्दल त्याहून जास्त बोलतो. वक्त्याला विमानतळावरून आणणाऱ्या आणि परत पोचवणाऱ्या गाडीबद्दल मात्र काही बिघडलं तरच बोलणं होतं. यंदा या कामाला जी नवी मुलं-मुली आली आहेत, त्यांनी विचारलं, ‘यात ठरवायचं ते काय?’ म्हणून हे निवेदन.

आपल्यातल्या ज्येष्ठांना बेगमपेटचा विमानतळ आठवत असेल. विमान उतरल्याचा आवाज ऐकून घरून निघालं तरी चालायचं, असं काका मंडळी सांगतात. मार्च २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला आणि ते दिवस संपले. काचीगुड्याहून शमशाबाद साधारण पंचवीस किलोमीटर. मेहदीपट्टणमला पी. व्ही. नरसिंह राव उड्डाणमार्गावर चढलं की आरामघरपर्यंत अकरा-साडेअकरा किलोमीटर सुखाचे जातात. वेळ जातो तो घरापासून मेहदीपट्टणमपर्यंत. म्हणून आम्ही एका फेरीला दिवसा एक तास धरतो, आणि गणपतीच्या दिवसांत त्यावर आणखी वीस मिनिटं.

सुरुवात तिकिटापासून. पाहुण्यांना आम्ही ‘कधी येताय?’ असं विचारत नाही, तिकीटच मागवतो. ‘सकाळच्या पुण्याच्या विमानाने येतो’ एवढ्यावर काम भागत नाही, कारण पुण्याहून दिवसात अनेक विमानं येतात. विमानाचा क्रमांक हवा. त्याची पहिली दोन अक्षरं कंपनी सांगतात: `6E` म्हणजे इंडिगो, `AI` म्हणजे एअर इंडिया. मग शहराची तीन अक्षरं बघायची. गोव्याच्या तिकिटावर `GOI` असेल तर दाबोळी, `GOX` असेल तर मोपा. मुंबईचंही आता तसंच झालंय: `BOM` आणि `NMI`, म्हणजे नवी मुंबई. आपल्याला उतरवून घ्यायचं ते इथेच. पण विमान सुटलं का हे बघताना चुकीच्या विमानतळाची यादी उघडली, तर तासभर उगाच घोर लागतो.

तारखेचा घोटाळा सगळ्यात फसवा. परदेशातून येणारी बरीच विमानं इथे मध्यरात्रीनंतर उतरतात. तिकिटावर ‘रविवार, ००:४०’ असेल, तर गाडी शनिवारी रात्री अकरा वाजता घरून निघायला हवी. आमच्या वहीत अशा ठिकाणी ‘शनिवार-रविवारची रात्र’ असं अक्षरी लिहिलेलं असतं. आकड्यावर विसंबलं तर एक पूर्ण दिवस हुकतो.

आता वेळेचा हिशोब. तिकिटावरची पोचण्याची वेळ म्हणजे पाहुणे दाराबाहेर येण्याची वेळ नव्हे. हातातली बॅग घेऊन येणाऱ्याला त्यानंतर वीस मिनिटं धरावीत, सामान पट्ट्यावरून घ्यायचं असेल तर चाळीस. परदेशाहून येणाऱ्याला तास ते दीड तास. पोचवताना हिशोब उलटा, विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे. देशातल्या विमानाचा सामान घेणारा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. म्हणून विमानाच्या दोन तास आधी पाहुणे दाराशी, त्याआधी तासाभराचा रस्ता आणि त्याआधी वीस मिनिटांची मोकळीक. दुपारी १:२० चं विमान असेल तर गाडी १० वाजता घरापुढे उभी हवी.

पुणे आणि नागपूरच्या पाहुण्यांसाठी एक सोपी खूण आहे. दोन्हीकडून उड्डाण साधारण सव्वा तासाचं, आणि आपला रस्ताही जवळपास तेवढाच. म्हणून तिकडून विमान उडालं की इकडून गाडी निघते. उडालंच नसेल तर ड्रायव्हर घरीच चहा घेतो. मोबाइलवर दिसणाऱ्या ‘येणार’ या शब्दापेक्षा ‘उडालं’ या शब्दावर आमचा भरवसा जास्त.

हे सगळं आम्हाला आधीपासून कळत होतं असं नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी एकच गाडी होती आणि कामं दोन. सकाळी ९:१० ला एक पाहुणे येणार होते, आणि आदल्या दिवशी बोललेल्या एक ज्येष्ठ लेखिका २ वाजताच्या विमानाने पुण्याला परतणार होत्या. कागदावर छान जमलं होतं: पाहुणे साडेनऊला बाहेर, साडेदहाला घरी, मग बाईंना घेऊन अकराला निघायचं. मध्ये अर्धा तास शिल्लक. येणारं विमान दीड तासाहून जास्त उशिरा आलं. पाहुणे ११:०५ ला बाहेर पडले. वाटेत मंडपामुळे वळण घ्यावं लागलं, घर आलं तेव्हा १२:२० झाले होते. बाई दोन तास बॅग दाराशी ठेवून बसल्या होत्या. त्या शमशाबादला पोचल्या १:३० ला, आणि काउंटर एकला बंद झाला होता. बॅगेत पुस्तकं, ती हातात नेता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात नातीचं बारसं होतं. त्या रात्रीच्या बसने गेल्या आणि आम्हाला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

नंतर बसून विचार केला तेव्हा दोन चुका दिसल्या. पहिली क्रमाची. आणणं आधी आणि पोचवणं नंतर, असं एकाच गाडीवर लावलं की येणाऱ्या विमानाचा सगळा उशीर जाणाऱ्याच्या माथी बसतो. उलट क्रम मात्र चालतो. पोचवण्याची वेळ आपल्या हातात असते. पाहुण्यांना सोडून ड्रायव्हर तिथेच पार्किंगमध्ये थांबला आणि पुढचं विमान तासभर उशिरा आलं, तर वाट बघतो तो फक्त ड्रायव्हर. तेव्हापासूनचा नियम: एका गाडीवर आधी सोडणं, मग आणणं. उलटं करायचंच झालं तर मध्ये पूर्ण फेरीचा वेळ आणि वर दोन तास हवेत.

दुसरी चूक गप्प बसण्याची. ड्रायव्हरला वाटलं, उशीर झाल्याचं समितीला माहीत असेल. आम्हाला वाटलं, काही असेल तर ड्रायव्हर फोन करेल. आता प्रत्येक फेरीपुढे एक ‘निर्णयाची वेळ’ लिहिलेली असते. त्या दिवशी ती दहा असती. दहापर्यंत विमान उतरलं नाही, की कुणालाही न विचारता बाईंसाठी दुसरी टॅक्सी. वही एकाच माणसाकडे, आणि निर्णयही त्याच माणसाचा.

यंदाचा शनिवार-रविवार बघू. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला. शनिवारी पुण्याचे वक्ते दुपारी २:१० ला येतात, हातात एकच बॅग. नागपूरचे कीर्तनकार ३:०५ ला, सोबत तबलजी, पेटी आणि तबला-डग्गा. पहिला विचार असा येतो की पंचावन्न मिनिटांचंच अंतर, एकच गाडी पाठवू. पण वक्ते २:३० ला बाहेर येतील आणि कीर्तनकार सामान घेऊन ३:४५ ला. म्हणजे वक्त्यांना सव्वा तास ताटकळत ठेवायचं. आम्ही अर्ध्या तासापेक्षा जास्त कुणाला थांबवत नाही. शिवाय पेटी आणि तबला ठेवल्यावर साध्या गाडीत चौथ्या माणसाला जागा उरत नाही. म्हणून दोन गाड्या. वक्त्यांना आणायला आपल्याच सभासदाची गाडी, कीर्तनकारांना भाड्याची मोठी गाडी.

कीर्तनकार ३:४५ ला निघून पावणेपाचला इथे पोचतात. वाद्यं लावायला त्यांना सहाला सभागृहात असणं भाग आहे. म्हणजे विमानाला सव्वा तासापर्यंतचा उशीर आपण सोसू शकतो. त्यापुढे गेलं तर क्रम बदलायचा, आधी व्याख्यान आणि मग कीर्तन. हे दोन्ही पाहुण्यांना आजच सांगून ठेवलं आहे, म्हणजे ऐनवेळी स्टेजमागे धावपळ नको.

रविवारी पुण्याच्या वक्त्यांचं परतीचं विमान १:२० चं, आणि मुंबईचे पाहुणे ११:४० ला येतात. इथे एकच गाडी पुरते. गाडी दहाला घरापुढे, वक्ते ११:२० पर्यंत विमानतळाच्या दाराशी, आणि मुंबईचे पाहुणे बारा-सव्वाबाराला बाहेर. आधी सोडणं, मग आणणं. फक्त ड्रायव्हर तो नको, जो शनिवारी मध्यरात्री परदेशच्या पाहुण्यांना आणायला गेला होता. त्याची रविवारची सकाळ झोपेची.

ड्रायव्हरच्या हातात एक चिठ्ठी असते. तिच्यावर पाहुण्यांचं नाव व फोन, विमानाचा क्रमांक, कुठून येणार, किती माणसं आणि किती सामान, आणि उतरायच्या घराची खूण. घराचा पत्ता नव्हे, खूण. सुलतान बाजारच्या गल्लीत पत्त्यापेक्षा ‘अमुक दुकानाच्या शेजारचा बोळ’ जास्त कामाला येतो.

शेवटचा मुद्दा अनंत चतुर्दशीचा. बाळापूरच्या गणपतीची मिरवणूक चांद्रायणगुट्टा, चारमिनार, अफजलगंज, मोअज्जमजाही मार्केट या वाटेने हुसेनसागरकडे जाते. आपण काचीगुडा-कोठीकडचे, विमानतळ दक्षिणेला. मेहदीपट्टणमकडून जा की चांद्रायणगुट्ट्याकडून, वाट या मिरवणुकीला कुठेतरी छेदतेच. कोणते रस्ते बंद हे पोलिसांच्या सूचनेतून शेवटच्या दिवसांत कळतं, आणि विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत लांबतं. त्या दिवशी वीस मिनिटं काय, दोन तासांची मोकळीकही पुरी पडत नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही गाडीच लावत नाही. पाहुण्यांनी आदल्या दिवशी निघावं. निघता येत नसेल तर आदल्या रात्री मेहदीपट्टणमच्या पलीकडे कुणा सभासदाकडे मुक्काम करावा. तेव्हा मंडळी, त्या बाजूला ज्यांची घरं आहेत आणि एक खोली देता येईल, त्यांनी आज जाण्यापूर्वी वहीत नाव लिहावं.

त्या लेखिकाबाईंना यंदा पुन्हा बोलावलं आहे. परतीचं विमान दोनचं आहे. गाडी पावणेअकराला दाराशी असेल, आणि त्या दिवशी त्या गाडीला दुसरं काहीही काम नाही.